इश्क म्हणजे जास्तीची मोहब्बत नव्हे

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

विषयाची सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. मागच्या वर्षी मी लखनौला गेलो होतो, माझ्या होणाऱ्या बायकोच्या आजीला भेटायला. घरात सगळे त्यांना नानी म्हणतात. पूर्ण उर्दू वळणाचं घर. मी मूळचा औरंगाबादचा, त्यामुळे शेजारपाजारची दखनी ऐकत मोठा झालोय आणि आपल्याला उर्दू येतं असा माझा लहानपणापासूनचा गोड गैरसमज. चहा झाला आणि नानींनी विचारलं, हमारी बच्ची में आपने क्या देखा? मी प्रवासात पाठ करून ठेवलेलं वाक्य काढलं. "नानी, मुझे आपकी नातिन से इश्क है."

खोलीत एकदम शांतता. एक मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. नानींनी कप खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, मोहब्बत कहिए."

मला वाटलं, मी जरा कमी तीव्र शब्द वापरायला हवा होता. म्हणजे आवाजाची पट्टी असते तशी प्रेमाची पट्टी, आणि मी नवला लावलं जिथे पाचला लावायचं होतं. परत आल्यावर महिनाभर वाचत बसलो तेव्हा कळलं की चूक पट्टीची नव्हतीच. हे दोन शब्द एकाच पट्टीवर बसत नाहीत. आजचा भाग एवढ्याच गोष्टीवर.

आधी ती सात पायऱ्यांची यादी

तुमच्यापैकी बहुतेकांनी ते रील पाहिलं असणार. दिलकशी, उन्स, मोहब्बत, अकीदत, इबादत, जुनून आणि शेवटी मौत. म्हणे प्रेमाच्या सात पायऱ्या. ही यादी घराघरात पोचली ती 2014 च्या 'डेढ इश्किया' सिनेमामुळे. ऐकायला मस्त आहे, पण नीट बघा. अकीदत म्हणजे श्रद्धा आणि इबादत म्हणजे उपासना. हे प्रेमाचे शब्दच नाहीत, भक्तीचे आहेत. मौत तर मौतच. आणि इश्क हा शब्द या यादीत पायरी म्हणून कुठेच नाही, कारण ही इश्कच्याच प्रवासातली स्टेशनं मानली आहेत. त्यामुळे "इश्क मोठा की मोहब्बत मोठी" याचं उत्तर या यादीत शोधलं तर हाती काहीच लागत नाही.

अजून एक गोष्ट इथेच उरकतो. आपण ज्याला सगळ्यात साधा हिंदी शब्द समजतो तो 'प्यार' या पाहुण्यांमधला नाहीच. तो संस्कृत 'प्रिय'च्या घरातला आहे. म्हणून त्याला आज बाजूला ठेवू.

खरी जुनी उतरंड पाहायची असेल तर हजार वर्षं मागे जावं लागतं. निशापूर म्हणजे आजचं इराण. तिथे सआलिबी नावाचा भाषापंडित होऊन गेला. त्याचा मृत्यू 1038 सालचा. त्याने अरबीत 'फिक्हुल्लुगा' नावाचं पुस्तक लिहिलं. जवळजवळ एकाच अर्थाच्या शब्दांमधला बारीक फरक सांगणं हेच त्या पुस्तकाचं काम. त्यात प्रेमाच्या क्रमावर एक छोटं प्रकरण आहे. पहिली पायरी 'हवा', म्हणजे मनाचा कल. हा अरबी शब्द आपल्या श्वासातल्या हवेचा चुलतभाऊ आहे, आणि मराठीतल्या 'मला तू हवी'शी त्याचं काही नातं नाही. मग मनाला चिकटून राहणारं प्रेम, मग तीव्र प्रेम, आणि चौथ्या जागी इश्क. त्याच्यापुढेही सात पायऱ्या आहेत. एका पायरीवर प्रेम काळजाच्या पडद्यापर्यंत पोचतं, एका पायरीवर माणूस प्रेमाचा गुलाम होतो, एकावर बुद्धी जाते, आणि शेवटच्या पायरीवर माणूस तोंड फिरेल तिकडे चालत सुटतो.

म्हणजे इश्क हा शिखरावरचा शब्द नाही, मधलाच आहे. पण सआलिबीने त्याची जी व्याख्या दिली आहे ती वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसता बसलो. तो म्हणतो, ज्याला प्रेम म्हणतात त्याचं एक माप असतं, आणि त्या मापाबाहेर जे उरतं त्याचं नाव इश्क.

आमच्या कामातल्या भाषेत सांगायचं तर बफर ओव्हरफ्लो. मेमरीत एखाद्या गोष्टीला जेवढी जागा दिली आहे तेवढ्यात ती राहिली तर प्रोग्रॅम चालतो. तिने हद्द ओलांडली की ती शेजारच्या जागेवर लिहायला लागते, आणि मग बिघाड भलतीकडेच दिसतो. इश्क हे जास्त प्रमाणातलं प्रेम नव्हे, हद्द ओलांडलेलं प्रेम. अरबीच्या प्रचंड मोठ्या 'लिसानुल-अरब' या कोशातही इश्कचा अर्थ साधारण हाच दिलाय, प्रेमातला अतिरेक.

बी आणि वेल

आता दोन्ही शब्दांच्या मुळाशी जाऊ.

अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात. मोहब्बतचा सांगाडा आहे ह-ब-ब. त्याच सांगाड्यातून हबीब म्हणजे प्रिय, महबूब म्हणजे ज्याच्यावर प्रेम केलं जातं तो. आणि त्याच सांगाड्यातून 'हब्ब' म्हणजे दाणा, बी. हुजविरी नावाचे सूफी लेखक होते, अकराव्या शतकातले, त्यांची कबर लाहोरला आहे. त्यांनी फारसीत लिहिलेल्या 'कश्फुल-महजूब'मध्ये मोहब्बतची एक व्युत्पत्ती दिली आहे. वाळवंटात बी पडतं, मातीत दडतं. वरून पाऊस पडतो, ऊन तापतं, थंडी येते, पण बी खराब होत नाही. वेळ आली की उगवतं, फुलतं, फळतं. मनात रुजलेलं प्रेम तसं असतं, म्हणून ते मोहब्बत.

इश्कच्या बाजूला जुने कोशकार एक वेल ठेवतात. तिचं नाव 'अशका'. ती आधी हिरवीगार असते, मग बारीक होत जाते, मग पिवळी पडते. प्रेमात पडलेला माणूस तसाच वाळत जातो म्हणून तो आशिक. बाराव्या शतकातले सुहरवर्दी ही प्रतिमा आणखी पुढे नेतात. ती वेल बागेत झाडाच्या बुंध्याशी उगवते, झाडाला वेढा घालत वर चढते आणि झाडाचं सगळं पाणी शोषून त्याला सुकवून टाकते.

या व्युत्पत्त्या आजच्या भाषाशास्त्राच्या कसोटीवर किती टिकतात हा वेगळा मुद्दा. पण शेकडो वर्षं हे शब्द वापरणाऱ्यांच्या डोक्यात कोणतं चित्र होतं ते यातून स्पष्ट कळतं. एकीकडे ऊन-पाऊस सोसून फळ देणारं बी. दुसरीकडे ज्याच्यावर चढली त्यालाच वाळवणारी वेल. आता मला सांगा, नातीसाठी आलेल्या मुलाच्या तोंडून नानींना यातलं कोणतं ऐकायचं असेल?

नाडी बघून इश्क ओळखणारा वैद्य

हे फक्त कवींचं चित्र नव्हतं. त्या काळचे वैद्य इश्कला खरोखर आजार मानत. इब्न सीना, तोच सआलिबीच्या काळातला, त्याचा मृत्यू 1037 चा. त्याच्या 'कानून' या वैद्यकाच्या ग्रंथात डोक्याच्या विकारांमध्ये, उदासीच्या आजाराच्या जवळच, इश्कचं प्रकरण आहे. लक्षणं दिली आहेत. डोळे खोल गेलेले आणि कोरडे, पापण्या सारख्या हलणाऱ्या, जणू समोर काही सुंदर दिसतंय. नाडी अनियमित.

आणि मग निदान. रोगी सांगत नाही की तो कोणाच्या प्रेमात आहे. म्हणून वैद्याने त्याची नाडी धरायची आणि एकेक नावं घेत जायचं. एखाद्या नावाला नाडी बदलली की ते नाव पुन्हा घ्यायचं, अधूनमधून घेत राहायचं. मग गल्ल्या, घरं, धंदे यांची नावं घ्यायची आणि कुठे नाडी उडते ते त्या नावाशी जोडून बघायचं. असं करत करत माणूस सापडतो. आम्ही बग शोधताना अगदी हेच करतो. एकेक इनपुट द्यायचा आणि लॉग कुठे हलतो ते पाहायचं. रूमीच्या 'मसनवी'तली पहिली मोठी गोष्टही याच युक्तीवर उभी आहे. एक दासी आजारी पडते, वैद्य तिची नाडी धरून शहरांची नावं घेतो आणि समरकंदचं नाव आल्यावर नाडी उसळते. तिथला एक सोनार तिच्या मनात असतो.

उपाय काय? इब्न सीनाच्या मते दुसरं काही चालत नसेल तर धर्माला आणि कायद्याला धरून दोघांची गाठ घालून द्यावी. थोडक्यात, लग्न लावून द्या.

मुद्दा असा, की वैद्यांनी प्रकरण लिहिलं ते इश्कवर. नुसत्या प्रेमासाठी नाडी धरायची वेळ येत नाही. प्रेम ही प्रकृती, इश्क ही विकृती, असं त्यांचं सरळ गणित.

मग सूफींना इश्कच का आवडला?

इथे गोष्ट उलटी फिरते. कुराणात देव आणि माणूस यांच्यातल्या प्रेमासाठी ह-ब-ब या सांगाड्याचे शब्द येतात. 'इश्क' हा शब्द कुराणात नाही. त्यामुळे देवाबद्दल इश्क म्हणावं की नाही यावर जुन्या पंडितांमध्ये बराच वाद झाला. आक्षेप साधा होता. इश्क म्हणजे हद्द ओलांडणं, मग देवावरच्या प्रेमाची हद्द ओलांडली असं म्हणायचं तरी कसं?

पण फारसी सूफी कवींना नेमकी ती हद्द ओलांडणंच हवं होतं. ज्या वेलीने 'मी' नावाचं झाड वाळवून टाकलं तीच त्यांना हवी होती. त्यांनी इश्कचे दोन भाग केले. इश्क-ए-मजाजी म्हणजे माणसावरचा, आणि इश्क-ए-हकीकी म्हणजे परमेश्वरावरचा. पहिला पूल, दुसरं पैलतीर. आजाराचं नाव अशा रीतीने साधनेचं नाव झालं. पण आतला अर्थ तोच राहिला. माणूस जागेवर राहत नाही.

याचं उदाहरण आमच्याच गावात आहे. सिराज औरंगाबादी, अठराव्या शतकातले कवी. सांगतात की तरुणपणी त्यांना अशी काही तंद्री लागली की ते घर सोडून खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या परिसरात बेभान फिरत असत. त्यांची सगळ्यात गाजलेली गझल इश्कने आणलेल्या थक्कपणावर आहे, आणि ती आजही कव्वालीत गायली जाते. शाळेत असताना मी खुलताबादला कितीतरी सहली केल्या, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. सिराजच्या गझलेत 'इश्क'च्या जागी 'मोहब्बत' घालून बघा, सगळी गझल कोसळेल. फक्त वजन चुकेल म्हणून नव्हे, तर बी रुजल्यावर कुणी घर सोडून जात नाही म्हणून.

घरी करून बघण्याची चाचणी

आजच्या हिंदी-उर्दूत हा फरक टिकून आहे का? आहे, आणि तो ओळखायला कोश लागत नाही. शब्द बदलून वाक्य म्हणून बघायचं.

'माँ की मोहब्बत' म्हणा. छान. आता 'माँ का इश्क' म्हणा. कानाला खटकतं ना? आईच्या मायेला इश्क म्हणत नाहीत. 'बड़ी मोहब्बत से खाना खिलाया', हे रोज ऐकू येतं. 'बड़े इश्क से खाना खिलाया' असं कुणी म्हणणार नाही. कोणी तुमची स्तुती केली की उर्दूत नम्रपणे म्हणतात, 'आपकी मोहब्बत है', म्हणजे हा तुमचा जिव्हाळा. तिथे इश्क घातलात तर माझ्यासारखी वेळ येईल.

म्हणजे मोहब्बत आई, भाऊ, मित्र, पाहुणे, शहर, देव, प्रेयसी सगळ्यांना पुरते. इश्क फक्त तिथे चालतो जिथे माणूस स्वतःच्या ताब्यात राहत नाही. प्रेयसी किंवा परमेश्वर. 'शहर से इश्क' म्हणता येतं, पण मग तुम्ही त्या शहरापायी काहीतरी वेडेपणा केला असला पाहिजे.

एक इशाराही देतो. ही चाचणी सिनेमाच्या गाण्यांवर लावू नका. गाण्यात चालीला दोन मात्रा हव्यात की चार, यमक कशाशी जुळतंय, यावरही शब्द ठरतो. घरातलं बोलणं हा जास्त विश्वासाचा डेटा आहे.

आणि जाता जाता व्याकरणाची एक गंमत. तो इश्क, ती मोहब्बत, ते प्रेम. तिन्ही लिंगं झाली.

मराठीत येऊन हे शब्द निवले

दख्खनमध्ये बहामनी काळापासून, म्हणजे चौदाव्या शतकापासून, फारसी दरबारात होती. अरबी शब्दसुद्धा आपल्याकडे मुख्यतः फारसीच्या हातून आले. याचा पुरावा शेवटच्या 'त'मध्ये आहे. अरबीत सुटा शब्द उच्चारताना 'महब्बा' म्हणतात, फारसीने शेवटी 'त' ठेवला. आपली मेहनत, हरकत, किंमत, हकीकत याच रांगेतली.

पण प्रेमाच्या शब्दांचं मराठीत काहीतरी वेगळंच झालं. 'मोहब्बत' आपल्या बोलण्यात आजही हिंदी म्हणूनच येते. 'इश्क' मात्र आत आला. तो शाहिरांच्या लावणीतून, तमाशाच्या फडातून आला, म्हणून त्याला घुंगरांचा आवाज चिकटला. मराठीत 'इश्कबाज' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळत चाललेला सूफी येत नाही, कोपऱ्यावर केस सारखे करत उभा असलेला इसम येतो. वेल गेली, छचोरपणा राहिला.

बाकीच्यांचंही तेच. अरबीत 'शौक' म्हणजे दूर असलेल्या प्रियजनाची ओढ. आपल्याकडे शौक म्हणजे सिगारेटचा किंवा गाड्यांचा. फारसीत 'दिलगीर' म्हणजे मन धरून ठेवलेला, उदास. आपली दिलगिरी ईमेलच्या पहिल्या ओळीत असते, उत्तराला उशीर झाल्याबद्दल. फारसी 'मेहर' म्हणजे माया. आपल्याकडे 'मेहेरबानी' टोमण्यात जास्त सापडते.

याला अपवाद करू पाहणारे लोकही झाले. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि 1933 मध्ये 'गज्जलांजली' काढून गझल मराठीत रुजवायचा मोठा प्रयत्न केला. गझल पुढे रुजलीही. पण 'इश्क'ला मराठी घरात बसायला जागा काही मिळाली नाही.

मग तीव्रता सांगायला मराठी माणूस काय वापरतो? माझ्या मते 'जीव'. जीव लागणं, जीव लावणं, जीव जडणं, जीव टाकणं, जीव ओवाळून टाकणं. एकच नाम, आणि सगळी चढण क्रियापदांवर. उर्दू तीव्रता वाढली की नाम बदलते, मराठी क्रियापद बदलते. म्हणून सबटायटलमध्ये इश्क, मोहब्बत, उल्फत सगळ्यांना 'प्रेम' लिहिलेलं दिसतं तेव्हा मला चुटपुट लागते. 'मोहब्बत'ला 'जीव लावणं' आणि 'इश्क'ला 'जीव जडून वेडं होणं' असं काही लिहिता आलं असतं.

तर नानींचं म्हणणं

दुसऱ्या दिवशी निघताना मी नानींच्या पाया पडलो आणि धीर करून विचारलं, काल माझं नक्की काय चुकलं? त्या म्हणाल्या, "इश्क तो आपको होगा, वह आप जानें. हमें तो यह सुनना था कि आप उसे मोहब्बत से रखेंगे."

तेव्हा मला हे नीट कळलं नव्हतं. इश्क ही माझी अवस्था आहे. त्यात ती मुलगी कशी राहील याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. मोहब्बत हे दुसऱ्या माणसाशी रोज वागण्याचं नाव आहे. 'मोहब्बत से रखना' म्हणता येतं, 'इश्क से रखना' म्हणता येत नाही. नानींना तीव्रता मोजायचीच नव्हती. त्यांना हमी हवी होती आणि मी त्यांना आजाराचं सर्टिफिकेट देऊन बसलो होतो.

घरी आल्यावर हा सगळा किस्सा आईला सांगितला. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे जीव लावशील ना तिला, एवढंच विचारलं त्यांनी."

लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. तुमच्या घरात अशा शब्दांवरून कुणाला कुणी टोकलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू मग.